सगळं बनतं, पोहोचत काहीच नाही

१९६७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जूल्स लरॉय आणि रॉबर्ट डीमार्स यांनी आजारी मुलांच्या त्वचेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. चेहऱ्याची जाड ठेवण, आखडलेले सांधे आणि खुंटलेली वाढ पाहिली, तर हा हर्लर सिंड्रोम असावा असंच कुणाही डॉक्टरला वाटलं असतं. पण हर्लरमध्ये लघवीतून ज्या लांबलचक शर्करासाखळ्या भरपूर बाहेर पडतात, त्या इथे सापडत नव्हत्या. म्हणून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिल्या गेल्या. त्वचेतली फायब्रोब्लास्ट ही पेशी निरोगी असेल तर लांबट, निमुळती आणि बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. या पेशींत मात्र केंद्रकाभोवतीची जागा गडद कणांनी गच्च भरली होती, मूठभर मोहरी ओतावी तशी. कणांना इंग्रजीत ‘इन्क्लुजन’ म्हणतात. त्याचं आद्याक्षर घेऊन या पेशींना ‘आय-सेल’ म्हटलं गेलं आणि पुढे आजारही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचं नाव म्युकोलिपिडोसिस २ असं आहे.

आजार फार विरळा आहे. तरी पेशीशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो सापडतो, कारण पेशी आपल्या मालाची वाटणी कशी करते हे त्याच्यामुळे कळलं. त्यासाठी आधी ते गडद कण म्हणजे काय, हे पाहायला हवं.

ते फुगलेले लायसोसोम होते. लायसोसोम म्हणजे पेशीतल्या पातळ पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या. बेल्जियमच्या ख्रिश्चन डी डूव यांनी १९५५ मध्ये त्यांना हे नाव दिलं. पेशीचे जुने झालेले भाग आणि तिने बाहेरून गिळलेलं सामान या पिशव्यांत येतं, तिथे त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते तुकडे पुन्हा वापरले जातात. हे काम सुमारे ६० वेगवेगळी एन्झाइम्स करतात. त्यांना आम्लता लागते. पिशवीच्या आतला पीएच ४.५ ते ५ असतो, बाहेर पेशीद्रवात तो ७.२ च्या आसपास असतो. त्यामुळे एखादं एन्झाइम चुकून बाहेर सांडलं, तरी ते बहुधा थंड पडतं आणि पेशीला कुरतडत नाही.

या एन्झाइम्समध्ये कामाची वाटणी काटेकोर आहे. एकेक एन्झाइम एका ठरावीक प्रकारचाच बंध तोडतं. एका लांब साखळीची विल्हेवाट लावायला दहा एन्झाइम्स लागत असतील आणि त्यांतलं चौथं नसेल, तर काम चौथ्या पायरीवर अडतं. पुढची सहा तयार असूनही उपयोग नसतो. हर्लरमध्ये असंच एक एन्झाइम नसतं. अशा बहुतेक आजारांत एक जनुक बिघडतं, एक एन्झाइम जातं आणि एका प्रकारचा कचरा साचतो.

आय-सेलच्या पेशींत मात्र एन्झाइम्स मोजायला घेतली तेव्हा एक नाही, अनेक एन्झाइम्स एकदम गायब दिसली. त्याहून चमत्कारिक गोष्ट रक्तात दिसली. पेशींत नसलेली तीच एन्झाइम्स मुलांच्या रक्तद्रवात नेहमीच्या कितीतरी पट जास्त होती आणि पेशी ज्या पोषक द्रवात वाढत होत्या त्यातही ती भरपूर होती. म्हणजे एन्झाइम्स बनत होती, धडधाकट होती, परीक्षानळीत आपापलं काम चोख करत होती. फक्त जिथे हवीत तिथे ती नव्हती.

हे कोडं सोडवण्याचा रस्ता अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे, राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेतून गेला. त्यांचा एक प्रयोग इतका साधा आणि सुंदर आहे की तो जरा सविस्तर सांगावासा वाटतो. १९६८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हर्लर आणि हंटर या दोन वेगळ्या आजारांच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही पेशींत शर्करासाखळ्या साचत जातात. साचणं मोजण्यासाठी द्रवात किरणोत्सारी गंधक घातलेलं असतं. ते साखळ्यांत बसतं, त्यामुळे कचरा किती वाढतोय ते आकड्यांत दिसतं. एकत्र वाढवल्यावर दोन्ही प्रकारच्या पेशींतलं साचणं थांबलं. एवढंच नाही, तर पेशी एकमेकींना चिकटायचीही गरज नव्हती. एकीचा वापरलेला द्रव दुसरीला दिला तरी तेवढंच काम होत होतं. हर्लरच्या पेशीत जे नव्हतं ते हंटरची पेशी थोडंसं बाहेर टाकत होती आणि हर्लरची पेशी ते उचलून थेट आपल्या लायसोसोममध्ये नेत होती. उलट दिशेनेही तेच घडत होतं.

याच पद्धतीने स्कॉट हिकमन आणि न्यूफेल्ड यांनी आय-सेलची परीक्षा घेतली. त्यांनी दोन प्रश्न वेगळे काढले. पहिला: निरोगी पेशींनी सोडलेली एन्झाइम्स आय-सेलला दिली तर ती आत जातात का? गेली. आत गेल्यावर टिकली, कामालाही लागली. म्हणजे पेशीचं दार शाबूत होतं आणि लायसोसोमही. दुसरा: आय-सेलने बाहेर टाकलेली एन्झाइम्स दुसऱ्या गरजू पेशीला दिली तर? त्या पेशींनी ती घेतलीच नाहीत. दोष घेणाऱ्यात नव्हता, एन्झाइममध्येच होता आणि तोही त्याच्या कामाच्या भागात नव्हता. लायसोसोमकडे जाणाऱ्या एन्झाइमवर काहीतरी खूण असते, ती या एन्झाइम्सवर उमटलेलीच नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९७२ मध्ये मांडला. एक खूण लावण्याचं काम बिघडलं की डझनावारी एन्झाइम्स एकदम भरकटतात आणि मूळ दोष मात्र एकाच जनुकात असतो. अनेक एन्झाइम्स का गेली, याचा उलगडा असा झाला.

ती खूण कशाची असते? एन्झाइमवरच्या साखरा इजा करणाऱ्या रसायनाने बदलल्या की पेशी ते एन्झाइम घेणं थांबवते, हे दोनच वर्षांत दिसलं. तेव्हा खूण साखरेत होती. पण कोणत्या साखरेत? सेंट लुइसमधल्या विल्यम स्लाय आणि अर्नल्ड कॅपलन यांच्या गटाने १९७७ मध्ये हे पकडलं. एन्झाइम आत घेणाऱ्या पेशींच्या द्रवात त्यांनी वेगवेगळ्या साखरा मिसळून पाहिल्या. खूण जर अमुक साखरेची असेल तर ती साखर मोकळी मिसळल्यावर पेशीचे हात तिनेच भरतील आणि एन्झाइम बाहेर राहील, हा त्यामागचा विचार. साधी मॅनोज फारशी चालली नाही. सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसलेली मॅनोज, म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट, मिसळली आणि एन्झाइमचं आत जाणं जवळपास थांबलं. मग त्यांनी उलट तपासणी केली. एन्झाइमवरचे फॉस्फेट फॉस्फटेज वापरून कापून टाकले. एन्झाइमचं काम तसंच चालू राहिलं, पण पेशी त्याला घेईना. खूण सापडली होती.

पेशीत ती लागते कशी, हे नंतरच्या चारेक वर्षांत उलगडलं. लायसोसोमचं प्रत्येक एन्झाइम प्रथिनं बनवणाऱ्या जाळीत, म्हणजे आंतर्द्रव्य जालिकेत, तयार होतं आणि तिथेच त्याच्यावर साखरांची एक फांदी बसते. या फांदीत बऱ्याच मॅनोज असतात. यात लायसोसोमचं असं खास काही नाही. पेशीतून बाहेर जाणाऱ्या हजारो प्रथिनांवर अशाच फांद्या असतात. नंतर हा सगळा माल गॉल्जी नावाच्या चपट्या पिशव्यांच्या चळतीत येतो. तिथे पहिलं काम फॉस्फोट्रान्सफरेज हे एन्झाइम करतं. ते मॅनोजवर नुसतं फॉस्फेट ठेवत नाही. फॉस्फेटला आणखी एक साखर, एन-असेटिलग्लुकोसामिन, जोडलेली असते आणि हा जोड एकत्रच मॅनोजच्या सहाव्या कार्बनवर बसवला जातो. फॉस्फेट दोन साखरांच्या मध्ये झाकलेलं राहतं. गॉल्जीच्या शेवटच्या टोकाला दुसरं एक एन्झाइम वरची साखर कापून फॉस्फेट उघडं करतं. खूण दोन टप्प्यांत लागते आणि दुसरा टप्पा झाल्याशिवाय ती वाचता येत नाही.

मला यातला सगळ्यात विलक्षण भाग पहिल्या टप्प्यातला वाटतो. हजारो प्रथिनांवर सारख्याच साखरा असताना फॉस्फोट्रान्सफरेज नेमकी लायसोसोमची साठेक एन्झाइम्स कशी निवडतं? या एन्झाइम्सच्या अमिनो आम्लांच्या क्रमात सामाईक असा कुठलाही तुकडा नाही. स्टुअर्ट कॉर्नफेल्ड यांच्या प्रयोगशाळेने याचं उत्तर शोधायला पोटातलं पेप्सिनोजेन निवडलं. ते पेशीबाहेर सोडायचं प्रथिन आहे, त्याला ही खूण लागत नाही. पण त्याची घडण लायसोसोममधल्या कॅथेप्सिन डी या एन्झाइमसारखी आहे. १९९० मध्ये त्यांनी पेप्सिनोजेनला साखरेची फांदी बसेल अशी जागा दिली आणि त्यात कॅथेप्सिन डीचे दोनच भाग बसवले. एक म्हणजे ठरावीक जागचं लायसिन हे अमिनो आम्ल, दुसरा एक छोटा पट्टा. फॉस्फोट्रान्सफरेजने या बाहेर जाणाऱ्या प्रथिनालाच खूण लावली. साखळीत एकमेकांपासून लांब असलेले हे भाग प्रथिनाची घडी पडल्यावर पृष्ठभागावर शेजारी येतात. फॉस्फोट्रान्सफरेज अक्षरं वाचत नाही, घडी झालेल्या प्रथिनाच्या पाठीवरचा आकार वाचतं.

खूण उघडी झाली की गॉल्जीच्या टोकावरचे रिसेप्टर ती ओळखतात. असे दोन रिसेप्टर आहेत, एक मोठा, एक लहान. गॉल्जीच्या या भागात पीएच साधारण ६.५ असतो आणि तिथे त्यांची पकड घट्ट बसते. रिसेप्टरने धरलेली एन्झाइम्स छोट्या पुटिकांत भरून पुढच्या कप्प्याकडे, एंडोसोमकडे, निघतात. एंडोसोम जास्त आम्ल असतो. पीएच सहाच्या खाली उतरला की रिसेप्टरची पकड सुटते. एन्झाइम्स पुढे लायसोसोममध्ये जातात आणि रिसेप्टर रिकामा होऊन गॉल्जीकडे परत फिरतो. या सगळ्या वाहतुकीत धरणं आणि सोडणं नुसत्या आम्लतेच्या फरकावर चालतं. मोठ्या रिसेप्टरचा थोडा वाटा पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही असतो. खूण असलेलं एन्झाइम बाहेर भटकत असेल तर तो ते पकडून आत आणतो. न्यूफेल्ड यांच्या बशीत एका पेशीने दुसरीची गरज भागवली ती याच हातांनी.

त्यांच्या १९७२ च्या कल्पनेत एक गोष्ट पुढे सुधारावी लागली. त्यांना वाटलं होतं की लायसोसोमची एन्झाइम्स आधी पेशीबाहेर जातात आणि मग परत घेतली जातात. पण द्रवात मोकळी मॅनोज-६-फॉस्फेट टाकून बाहेरचे रिसेप्टर अडवून ठेवले, तरी निरोगी पेशीच्या आतली एन्झाइम्स कमी होत नाहीत. बहुतेक माल बाहेर जातच नाही, वाटणी आतल्या आत होते. बाहेरचे रिसेप्टर निसटलेल्या मालापुरते.

मग आय-सेलमध्ये काय बिघडलेलं असतं? १९८१ मध्ये हे निश्चित झालं. कॉर्नफेल्ड यांच्याकडे काम करणारे मार्क राइटमन आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर झालेले अजित वर्की यांनी दाखवून दिलं की आय-सेलच्या पेशींत पहिल्या टप्प्याचं फॉस्फोट्रान्सफरेजच काम करत नाही. जर्मनीत कुर्ट फॉन फिगुरा यांच्या गटाचाही त्याच वर्षी हाच निष्कर्ष निघाला. आज माहीत आहे की या एन्झाइमचा मुख्य भाग `GNPTAB` या जनुकावरून बनतं आणि आय-सेलच्या मुलांत या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात.

आता अशा पेशीत काय होतं ते क्रमाने पाहू. एन्झाइम बनतं, साखरेची फांदी बसते, गॉल्जीत येतं. खूण लागत नाही. टोकाला रिसेप्टर तयार असतात, पण त्यांना धरायला काही मिळत नाही. कुठलीच खूण नसलेल्या प्रथिनांचा गॉल्जीतून निघणारा वाहता रस्ता पेशीबाहेर जातो, तेव्हा एन्झाइमही त्याच रस्त्याने बाहेर पडतं. शेजारच्या पेशीही ते उचलू शकत नाहीत, कारण त्याही तीच खूण शोधत असतात. इकडे लायसोसोममध्ये माल येत राहतो. शर्करासाखळ्या, मेदद्रव्यं, प्रथिनांचे तुकडे येतात आणि कापणारं कुणी नसल्यामुळे पडून राहतात. पिशव्या फुगतात, संख्येने वाढतात, पेशीची आतली जागा व्यापतात. जुनी झालेली मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढण्याचं काम अडतं आणि निकामी मायटोकॉन्ड्रिया तशीच राहतात. तुकडे सुटे होऊन पुन्हा वापरात येत नाहीत, म्हणून सामानाने भरलेल्या पेशीत कच्च्या मालाचा तुटवडाही पडतो. बाहेर गेलेल्या एन्झाइम्सचाही त्रास आहेच. रक्तात ती बहुतेक निष्क्रिय असतात, पण झेब्राफिश माशांवरच्या कामात दिसलं की खूण न लागता बाहेर पडलेलं कॅथेप्सिन के हे एन्झाइम कूर्चेच्या विकासात ढवळाढवळ करतं. हाडं आणि सांधे या आजारात इतके का बिघडतात, त्याचा एक धागा इथे आहे.

एक एन्झाइम मात्र या गोंधळातून सुटतं. ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम मॅनोज-६-फॉस्फेटवर अवलंबून नाही. लिम्प-२ नावाचं पडद्यातलं प्रथिन त्याला धरून लायसोसोमपर्यंत नेतं. त्यामुळे आय-सेलच्या फायब्रोब्लास्टमध्ये इतर बहुतेक एन्झाइम्स घसरलेली असताना हे जागेवर असतं. लायसोसोम ठीक आहे आणि अडचण पोहोचवण्यात आहे, याचा हा पुरावा म्हणता येईल.

अशा बाळाची ओळख पटणं सोपं नसतं. बाळ जन्मतःच वजनाने कमी असतं, त्वचा जाड आणि ताठर लागते, नितंबाचा सांधा निखळलेला किंवा पाऊल वाकडं असू शकतं, हर्निया असतो. हिरड्या जाड होत जातात आणि हर्लरच्या तुलनेत ही खूण लवकर आणि ठळक दिसते. नवजात बाळाच्या हाडांचा एक्स-रे मुडदुसासारखा दिसू शकतो आणि रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेजही वाढलेलं असतं. अशा वेळी ड जीवनसत्त्व देऊन वाट पाहिली जाते आणि महिने निघून जातात. वाढ दुसऱ्या वर्षापर्यंत जवळजवळ थांबते. पाठीला बाक येतो, बोटं वळतात, हृदयाच्या झडपा जाड होतात, छातीचे संसर्ग वारंवार होतात. बहुतेक मुलं बालपणाच्या पहिल्या काही वर्षांतच जातात, बहुधा श्वास आणि हृदय थकल्यामुळे. त्याच जनुकाचा बिघाड अर्धवट असेल, थोडंसं फॉस्फोट्रान्सफरेज चालत असेल, तर म्युकोलिपिडोसिस ३ होतो. त्यात तीनेक वर्षांच्या वयात हातांची बोटं आखडू लागतात, ती संधिवातासारखी वाटतात आणि माणूस मोठेपणापर्यंत जगतो. थोडीशी खूण लागली तरी इतका फरक पडतो.

शंका आल्यावर तपासणी कशी करतात, यात एक फसवी जागा आहे. लायसोसोमच्या आजारांसाठी बाळाचं रक्त घेऊन पांढऱ्या पेशींतली एन्झाइम्स मोजण्याची पद्धत आहे. हर्लर किंवा तत्सम एका एन्झाइमच्या आजारात ती उत्तम चालते. आय-सेलच्या बाळात मात्र पांढऱ्या पेशींतली एन्झाइम्स बहुधा ठीकठाकच येतात. अहवाल सगळा नॉर्मल आणि बाळ दिवसेंदिवस खालावतंय, अशा वेळी त्याच रक्तातल्या पेशी बाजूला काढून उरलेल्या द्रवात मोजायला हवं. समजा रक्तद्रवात बीटा-हेक्सोसामिनिडेज, बीटा-ग्लुक्युरोनिडेज आणि आरिलसल्फटेज ए अशी तीन एन्झाइम्स मोजली. आय-सेलमध्ये ही तिन्ही एकत्र, नेहमीच्या पाच ते वीस पट वाढलेली येतात. एखादंच वाढलं असतं तर दुसरी कारणं शोधावी लागली असती, पण एकमेकांशी संबंध नसलेली तीन एन्झाइम्स एकदम वाढणं दुसऱ्या कुठल्या आजारात क्वचितच दिसतं. मग त्वचेचा छोटासा तुकडा घेऊन फायब्रोब्लास्ट वाढवले, तर तीच तिन्ही तिथे अगदी कमी आढळतात. शेवटी `GNPTAB` जनुकाचा क्रम वाचून शिक्कामोर्तब होतं.

पांढऱ्या पेशी ठीक कशा राहतात? यकृत, प्लीहा, मेंदू यांच्या पेशींतही एन्झाइम्सचं प्रमाण बऱ्यापैकी असतं, खूण अजिबात नसताना. काही पेशींकडे मॅनोज-६-फॉस्फेट सोडून दुसरे रस्ते आहेत. काही पेशी पृष्ठभागावरच्या इतर साखरा ओळखणाऱ्या रिसेप्टरांनी बाहेरची एन्झाइम्स खेचून घेतात. पण सगळे रस्ते अजून माहीत झालेले नाहीत. फायब्रोब्लास्ट, कूर्चा आणि हाडं यांच्या पेशी खुणेवर सर्वांत जास्त विसंबून असतात आणि आजाराचा मारही तिथेच सर्वांत जास्त दिसतो.

खुणेचा शोध लागल्यामुळे इतर मुलांचं भलं झालं, आय-सेलच्या मुलांचं झालं नाही, ही गोष्ट मला सलते. एका एन्झाइमच्या आजारांत ते एन्झाइम प्रयोगशाळेतल्या पेशींकडून खुणेसकट बनवून घेता येतं. शिरेतून दिलं की पृष्ठभागावरचे रिसेप्टर ते पकडतात आणि लायसोसोमपर्यंत नेतात. हर्लर, हंटर आणि पॉम्पे या आजारांची औषधं याच तत्त्वावर चालतात. खूण किती चांगली लागली आहे यावर बरंच अवलंबून असतं, हे पॉम्पेत दिसलं. २००६ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या औषधावर मॅनोज-६-फॉस्फेट फार थोडं होतं. शिवाय ते पोहोचवायचं होतं स्नायूंत, जिथे रिसेप्टर कमी असतात. म्हणून दर दोन आठवड्यांना किलोमागे २० मिलिग्रॅम इतका मोठा डोस लागला. हर्लरच्या औषधाचा डोस आठवड्याला किलोमागे ०.५८ मिलिग्रॅम आहे. पुढे पॉम्पेच्या एन्झाइमवर रसायनशाळेत बनवलेल्या खुणा वेगळ्या जोडण्यात आल्या, खुणांचं प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढलं आणि ते औषध २०२१ मध्ये मंजूर झालं.

आय-सेलमध्ये एक एन्झाइम कमी नाही, साठेक आहेत आणि ती सगळी खुणेसकट बाहेरून देणं शक्य नाही. त्यांचं रक्त तर आधीच एन्झाइम्सनी भरलेलं असतं. जे कमी आहे ते फॉस्फोट्रान्सफरेज, पण ते गॉल्जीच्या पडद्यात बसून काम करतं. शिरेतून दिलं तर ते तिथवर पोहोचणार नाही. बोन मॅरो प्रत्यारोपण काही मुलांत करून पाहिलं गेलं, त्याचा लाभ मर्यादित राहिला आणि हाडांचा बिघाड त्याने परतत नाही. भारतात २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे आणि तिथे अशा कुटुंबांना जनुकीय सल्ला मिळू शकतो. पण सध्याची वागणूक लक्षणांनुसारच असते, म्हणजे श्वासाची काळजी, हृदयावर नजर आणि वेदना कमी करणं. भूल द्यायची वेळ आली तर मान आणि श्वासनलिका ताठर असल्याचं भूलतज्ज्ञाला आधी सांगावं लागतं, कारण नळी घालणं अवघड जातं आणि मोठा धोका तिथेच असतो.

२०२२ मध्ये या गोष्टीत एक नवं पात्र आलं. लायसेट नावाचं एक छोटं प्रथिन फॉस्फोट्रान्सफरेजला गॉल्जीत धरून ठेवतं, असं एकाहून अधिक गटांनी दाखवलं. लायसेट नसेल तर फॉस्फोट्रान्सफरेज स्वतःच गॉल्जीतून निसटून लायसोसोममध्ये जातं आणि तिथे मोडीत निघतं. तेव्हा `GNPTAB` बिनचूक असूनही आय-सेलसारखंच चित्र उमटू शकतं. लक्षणं जुळत आहेत, रक्तद्रवात एन्झाइम्स वाढली आहेत आणि तरी `GNPTAB` मध्ये काही सापडत नाही, असा अहवाल आला तर या दुसऱ्या जनुकाकडेही पाहायला हवं.

आई-वडील दोघेही बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत बाळगणारे असतात आणि त्यांना स्वतःला काही होत नाही. पण प्रत्येक गर्भधारणेत बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी, भाचीशी लग्न होण्याची रीत जिथे आहे, तिथे दोघांनीही तीच प्रत बाळगलेली असण्याची शक्यता वाढते. पुढच्या वेळी गर्भ साधारण अकरा-बारा आठवड्यांचा असताना वारेचा लहानसा नमुना घेऊन हे तपासता येतं, पण त्यासाठी या कुटुंबात नेमका कोणता बदल आहे हे आधी कळलेलं असावं लागतं. तो बदल सर्वांत खात्रीने आजारी बाळाच्याच डीएनएवरून शोधता येतो. म्हणून बाळाची तब्येत फारच खालावली असेल, निदान अजून लागायचं असेल, तर डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचे दोन-तीन मिलिलिटर ईडीटीएच्या नळीत घेऊन डीएनए काढून जपून ठेवायला सांगावं. पालकांनाही तसं विचारता येतं आणि तपासणी नंतर, वर्षभराने केली तरी चालते.